कालचा वेळ

सकाळी दार उघडलं की अब्बांच्या पाठोपाठ एक आकडा घरात येई. "एकोणतीस-सोळा." किंवा "एकोणतीस-चाळीस." पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा सेकंदांचा. त्यापुढे आम्ही काही विचारायची गरज नसे. आकडा मोठ्यानं सांगितला तर आज काल हरला, आणि चप्पल काढता काढता पुटपुटला तर आज आज हरला. चहात साखर नसल्याची तक्रार त्या दुसऱ्या दिवशीच होई, एरवी नाही.

अब्बांनी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकुनी केली. मिरजेहून सांगलीला रोजची बस, डब्यात दोन भाकऱ्या आणि कोरडं कालवण, आणि संध्याकाळी परत येताना बोटांना शाईचा डाग. २०१८ साली अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे निवृत्ती आली. दोन वर्षांनी अम्मी गेल्या. त्यानंतर त्यांची सकाळ फार लांब झाली. फजरची नमाज पढून आले की नऊ वाजेपर्यंत ते वर्तमानपत्र वाचत, मग तेच पुन्हा उलटं, शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत. २०२३ च्या सुरुवातीला रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं.

डॉक्टरांनी अर्धा तास म्हटलं होतं, अंतर सांगितलं नव्हतं. कारकुनाला असा आदेश चालत नाही. अर्धा तास म्हणजे किती काम, हे कुठंतरी नोंदवायला हवं. आमच्या घरापासून जवळ महापालिकेची बाग आहे. तिला चालायचा फरशीचा रस्ता आहे आणि फाटकाशी फलक, "एक फेरी ४०० मीटर". अब्बांनी हिशेब केला, सहा फेऱ्या म्हणजे २४०० मीटर. पहिल्या दिवशी त्यांना ३३ मिनिटं ४० सेकंद लागले. परत येताना त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून फुलस्केप आकाराचं रजिस्टर आणलं, तांबडी पट्टी घेऊन रकाने आखले: तारीख, सुरुवात, समाप्ती, लागलेला वेळ, कालच्या तुलनेत, शेरा.

घड्याळ एचएमटीचं, किल्लीचं, सेकंदकाटा असलेलं. कडुलिंबाच्या झाडाशी उभं राहून काटा बारावर यायची वाट बघायची आणि पाऊल टाकायचं. फेऱ्या मोजायला डाव्या खिशात सहा चिंचोके. प्रत्येक फेरीला एक चिंचोका उजव्या खिशात जाई. तसबीहवर का मोजत नाही असं आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, "ती या कामाची नाही."

पहिले सात आठवडे रजिस्टर वाचण्यासारखं होतं. रोज काही सेकंद कमी. न चालणारा माणूस चालू लागला की आधी असंच होतं. पाय सैल होतात, पाऊल लांब पडतं, दम कमी लागतो. मार्चमध्ये वेळ तीस मिनिटांवर आला. मग रमजान लागला. महिनाभर रकाने कोरे ठेवणं त्यांना पटेना, म्हणून शेऱ्यात रोज "अ.र." लिहिलं. म्हणजे अर्जित रजा. ईदनंतर एक मिनिट वाढलेलं होतं, ते मे महिन्यात उतरलं आणि साडेएकोणतीसवर येऊन जे थांबलं ते थांबलंच. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ येतं, त्यामुळे ते चार महिने अर्धे दिवस "पाऊस" या शेऱ्याखाली गेले. ऑक्टोबरमध्येही आकडा तिथंच होता.

इथं अब्बांची अडचण सुरू झाली. काल आपला प्रतिस्पर्धी असेल आणि दोघांची ताकद सारखीच असेल, तर अर्धे दिवस हार ठरलेली. झोप कमी झाली, रात्री जड जेवण झालं, वारा समोरून आला, फाटकाशी कुणी सलाम घालून उभं केलं, की दहापंधरा सेकंद इकडचे तिकडे होतात. त्यात खरं असं काही नसतं. पण "कालच्या तुलनेत" हा रकाना ते जाणत नाही. तिथं एकतर अधिक लिहायचं किंवा उणे. उणे ते हिरव्या शाईनं लिहीत आणि अधिक तांबड्या. चौतीस वर्षं तांबडी शाई त्यांनी फक्त चुकांसाठी वापरली होती.

एकदा आम्ही रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. पाच फेऱ्या झपाझप झाल्या. सहाव्या फेरीत घड्याळ बघितलं आणि पावलं एकदम मंदावली. दम लागला का, म्हणून विचारलं. "नाही. आज फार कमी वेळ होतोय. सगळं आज संपवलं तर उद्या कशातून कमी करू?" मार्चअखेरीस अनुदान शिल्लक दिसलं तर पुढच्या वर्षी कापतात, हे ज्याच्या हाडात मुरलंय असा माणूसच हे करू जाणे. आम्ही रस्त्यात उभं राहून हसलो. ते हसले नाहीत. काटा बघत ते झाडापर्यंत आले आणि कालच्यापेक्षा बरोबर दोन सेकंद आधी पाऊल टाकलं.

हसू आलं खरं, पण एक गोष्ट तेव्हाही बोचली होती. बागेत पोस्टमन काका येतात. तेही निवृत्त, गुडघा दुखरा. आमच्या गल्लीत तीस वर्षं त्यांनीच पत्रं टाकली. सुरुवातीला दोघं मिळून चालत. वेळ मोजणं सुरू झाल्यावर अब्बा पुढं आणि काका मागं. मग काका दोन फेऱ्या करून बाकावर बसू लागले, आणि अब्बा त्यांच्यासमोरून जाताना नुसता हात वर करू लागले. बोलण्यात सेकंद जातात.

नोव्हेंबरात चमत्कार झाला. चार दिवसांत वेळ २९ वरून २७ मिनिटं ४५ सेकंदांवर आला आणि तिथं टिकला. घरात सरबत झालं. आमच्या मुलाला, तो आठवीत, हा चमत्कार पचला नाही. तो एका सकाळी आजोबांबरोबर गेला आणि येऊन म्हणाला, "दादाअब्बा आतल्या कडेनं चालतात."

आम्ही भाषेचे शिक्षक, उर्दू आणि मराठी. भूमितीत आमचं डोकं बेतानंच चालतं. पण मुलगा हट्टाला पेटला. शाळेतून तीस मीटरची टेप आणली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी तो रस्ता मोजला. तो टेपचं एक टोक धरून वाकलेला, आम्ही खडूनं खुणा करत पुढं. येणारेजाणारे विचारत होते, रस्ता रुंद करताय का. बाहेरच्या कडेनं टेप तेरा वेळा लागून वर दहा मीटर भरलं, म्हणजे ४००. फलक खरा होता. आतल्या कडेनं बारा वेळा आणि वर २१ मीटर, म्हणजे ३८१. एका फेरीला १९ मीटरचा फरक.

आम्हाला वाटलं मोजण्यात चूक झाली. रस्ता रुंद अवघा तीन मीटर, मग एवढा फरक कसा? मुलानं वहीत काढून दाखवलं. सरळ भागात आत चाला की बाहेर, अंतर तेवढंच. फरक पडतो तो वळणांवर. बागेला चार कोपरे असोत की पाच, एक फेरी पुरी केली की सगळी वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं. म्हणून बाहेरचा रस्ता आतल्यापेक्षा किती लांब, तर दोन गुणिले ३.१४ गुणिले रुंदी. तीन मीटर रुंदीला १८.८४. बाग केवढी आहे याचा त्यात संबंधच येत नाही, मोठं मैदान असलं तरी तीन मीटरला तेवढाच फरक. आम्ही ते तीनदा ऐकलं तेव्हा समजलं.

सहा फेऱ्यांना ११४ मीटर कमी. अब्बा मिनिटाला साधारण ८२ मीटर चालत होते. म्हणजे ८३ सेकंद. २७ मिनिटं ४५ सेकंदांत ते मिळवा, होतात २९ मिनिटं ८ सेकंद. अब्बा ऑक्टोबरमध्ये जितकं चालत होते तितकंच नोव्हेंबरमध्येही चालत होते. एका सेकंदाचीही प्रगती नव्हती.

हे त्यांना सांगायचं कुणी? मुलानंच वही पुढं केली. अब्बांनी चष्मा लावून सगळी आकडेमोड तपासली, एका ठिकाणी हातचा विसरला होता तो दाखवला, आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी बायकांचा एक घोळका समोरून आला म्हणून आत सरकलो. वेळ कमी झाला. दुसऱ्या दिवशी नकळत गेलो. तिसऱ्या दिवशी कळत होतं." त्यांनी रजिस्टर मागवलं, तांबड्या पेनानं १ नोव्हेंबरपासूनच्या २३ नोंदींवर एकेक तिरकी रेघ मारली, शेऱ्यात "अंतर अपुरे, नोंद बाद" लिहिलं आणि प्रत्येक रेघेशेजारी छोटी सही केली. खाडाखोड केली तर शेजारी सही करायची, नाहीतर ती खाडाखोड धरत नाहीत. तेवीस सह्या. मुलगा नंतर आम्हाला म्हणाला, सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून अब्बा बाहेरच्या कडेनं चालू लागले, अगदी गवताला पाय घासेल इतके बाहेरून. वेळ २९ मिनिटं ५ ते १० सेकंद, हिशेबाप्रमाणे. पुन्हा कालच्याशी झुंज सुरू झाली.

डिसेंबरात थंडी पडली. आमच्याकडे मे महिन्यात फजरची जमात सव्वापाचच्या सुमाराला होते, डिसेंबर-जानेवारीत ती सव्वासहाच्या पुढं जाते, त्यामुळे अब्बा बागेत उशिरा पोहोचत. अंगावर शाल, कानाला मफलर. वेळ थोडा वाढला तर आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही लिहायला सुरुवात केली होती, "थं. ५", पुढं "थं. ४". आम्ही ते एकदा पाहिलं आणि थंडी असं समजून रजिस्टर मिटलं. आकडा कशाचा असेल, असं मनात आलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन काका घरी आले. असे ते कधी येत नाहीत. चहा हातात धरून बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलले. निघताना दारात म्हणाले, "क्लार्कसाहेब बुटाची नाडी बांधायला फार थांबतात हल्ली."

अब्बांच्या बुटांना नाडी नाही. वाकायला नको म्हणून आम्हीच पट्टीचे बूट आणलेले.

त्या रात्री ते झोपल्यावर आम्ही रजिस्टर काढलं. दिव्याखाली धरल्यावर दिसलं, "थं." नव्हतं ते, "थां." होतं. पेन्सिलीचा काना पुसट होता. रोज चाळीस वह्यांत सुटलेले काने शोधून त्याला गोल करणाऱ्या आम्हाला तो महिनाभर दिसला नव्हता. थांबलो. पाचव्या फेरीत थांबलो. चौथ्या फेरीत थांबलो. त्या दिवशीच्या नोंदीत "थां. २" होतं. थांबल्यावर घड्याळ त्यांनी बंद केलं नव्हतं. थांबलेला वेळही वेळातच धरलेला. तसं न करणं म्हणजे हजेरीपटावर खोटी सही.

मग आम्ही एक काम केलं, जे खरंतर महिनाभर आधी करायला हवं होतं. ४ डिसेंबरपासूनचे पाच आठवडे वेगळे काढले आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी काढली. कचेरीत याला गोषवारा म्हणतात, अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांचे गोषवारे काढले. पहिला आठवडा २९ मिनिटं ८ सेकंद. दुसरा २९-१४. तिसरा २९-३१. चौथा ३०-०२. पाचवा ३१-०५. एका ओळीत लिहिल्यावर तो उतार शेंबड्या पोरालाही दिसला असता. पण "कालच्या तुलनेत" रकान्यात तो नव्हता. पाच आठवड्यांत दोन मिनिटं वाढली, म्हणजे रोज सरासरी तीनचार सेकंद, आणि रोजचा चढउतार दहापंधरा सेकंदांचा. त्या गोंधळात तीन सेकंद बुडून जातात. पस्तीस दिवसांपैकी चार दिवस ते गेलेच नव्हते. उरलेल्या एकतीस नोंदींत तेरा दिवस हिरवी शाई होती. काल इतका हळू होता, की आजारी माणूसही त्याला तेरा वेळा हरवू शकला.

सकाळी आम्ही बुटांची जोडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. अब्बा रागावले. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत छातीवर कुणी हात ठेवून दाबल्यासारखं वाटे, जबडा भरून येई. थांबलं की दोन मिनिटांत जाई. म्हणून त्यांनी ठरवलं, गॅस. गॅसची गोळी ते खिशात ठेवत, चिंचोक्यांच्याच खिशात. "घरात बसलेलो असताना कधी होत नाही. जिना चढताना एकदा झालं. दुखतही नाही, नुसतं जड वाटतं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. तो ठीक आला. अब्बांनी आमच्याकडे असं बघितलं की बघा. डॉक्टर म्हणाले, झोपून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे सगळं चांगलं असं नाही. हृदयाची नळी अरुंद झालेली असेल तर आराम करताना लागेल तेवढं रक्त पोहोचतं. चालताना जास्त लागतं, तेव्हा तुटवडा पडतो. थंडीत नळ्या आकसतात म्हणून सकाळी जास्त. आणि साखर असलेल्या माणसाला नेहमीसारखी कळ येईलच असं नसतं. कुणाला नुसता दम लागतो, कुणाला जडपणा, कुणाला फक्त थकवा. गॅस म्हणून दिवस काढणारे त्यांच्याकडे रोज येतात. चालताना येतं आणि थांबल्यावर जातं, ही गॅसची रीत नव्हे.

तेव्हा आम्ही पिशवीतून रजिस्टर काढलं. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बघायला जितका वेळ घेतला त्याच्या चौपट वेळ ते रजिस्टर बघत होते. वेळेच्या रकान्यापेक्षा त्यांचं बोट पेन्सिलीच्या शेऱ्यांवर फिरत होतं. पाच, चार, चार, तीन, तीन, दोन. म्हणाले, "पाचव्या फेरीत थांबणारा माणूस महिन्याभरात दुसऱ्या फेरीत थांबतोय. मला हेच पाहिजे होतं. आधीपेक्षा कमी चालल्यावर त्रास व्हायला लागला, याचा अर्थ वाट बघायची नाही. बसल्या जागी झाला असता, तर त्याच मिनिटाला." घरी जाऊन कपडे आणायलासुद्धा त्यांनी सोडलं नाही. अब्बा विचारत होते, रजिस्टर जमा करून घेणार का, पोच मिळेल का.

अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त नेणारी नळी एका ठिकाणी फार अरुंद झालेली दिसली. मनगटातून तार घालून तिथं स्टेंट बसवला. तीन दिवसांत अब्बा घरी आले. तो सगळा भाग इथं सांगत नाही. ज्यांच्या घरी झालाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी झाला नाही त्यांना सांगून काय कळणार.

घरी परतल्यावर मात्र मोठा प्रश्न उभा राहिला. चालणं सुरू करायचं, पण कसं? डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग दहा मिनिटं, मग थोडंथोडं वाढवत न्यायला सांगितलं. घड्याळ लावून पळायचं नाही. अब्बांनी विचारलं, मग जास्त झालं की कमी हे कळायचं कसं? नाडी मोजू का? डॉक्टर म्हणाले, नव्या गोळीमुळे तुमची नाडी तशीही संथ राहणार, ती खरं सांगणार नाही. सोपी खूण आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाता आलं तर फार हळू चाललात, वाक्य मध्ये तोडून श्वास घ्यावा लागला तर फार जोरात. आणि छातीत जड वाटलं तर तिथंच बसायचं, जिभेखालची गोळी ठेवायची, पाच मिनिटांत गेलं नाही तर घरी फोन करून विचारत बसायचं नाही, थेट दवाखाना.

"शेजारी कुणी नसेल तर?" अब्बांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मग शेजारी कुणीतरी आणा."

पोस्टमन काकांना बोलवायला अब्बा स्वतः गेले नाहीत. वर्षभर ज्याच्यासमोरून नुसता हात वर करून गेलो, त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं. त्यांनी नातवाकरवी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत काय होतं ते मुलानं सांगितलं नाही, पण कारकुनी मराठीत असणार, कारण काकांनी उत्तर पाठवलं ते असं: "आपला अर्ज मंजूर. उद्या सकाळी हजर."

आता रजिस्टरचा नवा भाग सुरू झालाय. "कालच्या तुलनेत" या रकान्याचं नाव खोडून, शेजारी सही करून, तिथं "गेल्या महिन्याच्या याच आठवड्याच्या तुलनेत" असं एवढ्याशा जागेत तीन ओळींत लिहिलंय. तो रकाना रविवारीच भरला जातो. फेऱ्या चार. वेळ मोजणं काही सुटलेलं नाही. झाडाशी काटा बारावर यायची वाट बघतात, आणि काका शेजारी उभं राहून दर वेळी म्हणतात, "चला आता, डाक निघून जाईल." शेऱ्यात आता ते काय बोललो ते लिहितात. डॉक्टरांनी बोलायला सांगितलं, तर बोलल्याचा पुरावा हवा. "१२ मार्च. पेन्शनची थकबाकी." "१३ मार्च. त्यांच्या मुलीचं लग्न." "१४ मार्च. काही नाही, ते रागावले होते." पुढच्या एका नोंदीत नुसतं अम्मींचं नाव आहे. घरी आमच्याशी ते कधी त्यांच्याबद्दल बोलत नाहीत.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा बागेत गेलो होतो, लांबून बघत बसलो. दोघं शेवटच्या वळणावर आले. काकांचा गुडघा त्या दिवशी फार दुखत असावा, ते सवयीनं आतल्या कडेला सरकू लागले. बोलणं न थांबवता अब्बांनी त्यांची बाही धरली आणि हळूच बाहेरच्या कडेला ओढून आणलं.